उभ्या उसाचा हिशेब
(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



आजचा विषय खतावणीचा आहे. व्याख्यानाला खतावणी कशाला, असे कुणाला वाटले तर ते रास्तच आहे. पण या सभागृहात बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचे पैसे या घडीला कुठे ना कुठे रानात उभे असतील. कुणाचे उसात, कुणाचे द्राक्षात, कुणाचे डाळिंबात. म्हणून माझा प्रश्न साधा आहे. 31 मार्चला वर्ष संपते, हिशेब बंद होतो, आणि ऊस मात्र शेतात उभाच असतो. त्या उसावर आतापर्यंत झालेला खर्च वहीत लिहायचा कुठे? तो संपला म्हणून नफातोट्यात टाकायचा? की उद्या ऊस विकून किती पैसे येतील याचा अंदाज बांधून तो आकडा मालमत्ता म्हणून मांडायचा? की झालेला खर्च तसाच, झाला तेवढाच, अपुरे काम म्हणून पुढच्या वर्षात न्यायचा, आणि तोडणीच्या दिवशी मालसाठ्यात वळवायचा? माझा कौल तिसऱ्या उत्तराला आहे. का, आणि कोणत्या अटींवर, हे सांगण्यासाठीच आज उभा आहे.

उदाहरण उसाचेच घेतो, आणि उसातही आडसाली लागणीचे. कारण आडसाली उसात ही अडचण सगळ्यात उघडी पडते. आडसालीची लागण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत होते. ऊस तुटतो सोळा ते अठरा महिन्यांनी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या गळीत हंगामात. मधे एक 31 मार्च येतोच, तो चुकत नाही. त्या दिवशी ऊस आठ महिन्यांचा असतो. आता या आठ महिन्यांत खर्चाचा केवढा भाग उरकलेला असतो, ते पाहा. नांगरट, शेणखत, सरी, बेणे, लागण हे सगळे जुलै-ऑगस्टमध्येच होते. आडसालीसाठी शिफारस केलेले नत्र हेक्टरी 400 किलो आहे, आणि ते चार हप्त्यांत द्यायचे असते. एक दशांश लागणीला, चार दशांश सहा ते आठ आठवड्यांनी, एक दशांश बारा ते सोळा आठवड्यांनी आणि उरलेले चार दशांश मोठ्या बांधणीला. मोठी बांधणी साडेचार-पाच महिन्यांनी, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास. एकदा ती झाली की रानात औत घालता येत नाही आणि खताचा हिशेबही जवळजवळ मिटतो. भांगलण, तणनाशक, बाळबांधणी हे त्याआधीच झालेले असते. मार्चनंतर उरते काय? पाणी, पाचट काढणे, कीडरोगावर लक्ष, आणि वाट पाहणे. म्हणजे खर्चाचा बहुतेक वाटा पहिल्या वर्षात, आणि उत्पन्न सगळे दुसऱ्या वर्षात. वर्षाची रेघ बरोबर मधून जाते.

हे आकड्यांत मांडू. आकडे मी हिशेबाच्या सोयीने घेतलेले आहेत, कुणाच्या रानाचे नाहीत. तुमचे वेगळे असतील, पद्धत तीच राहील. एक एकर चांगले रान, जुलै 2024 ची आडसाली लागण. मशागत, शेणखत, सरी, बेणे आणि लागणीची मजुरी मिळून 35,000 रुपये. याला मी उभारणीचा खर्च म्हणतो. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्यानंतर मार्चअखेरपर्यंत खते 20,000, भांगलण आणि दोन्ही बांधण्या 15,000, पाणीपट्टी, वीज आणि ठिबकची देखभाल 6,000. असे हे 41,000. उभारणी धरून 31 मार्च 2025 ला या एका एकरात 76,000 रुपये गुंतलेले आहेत. एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत आणखी 9,000. डिसेंबर 2025 मध्ये ऊस तुटला, 60 टन भरला. त्या हंगामाचा एफआरपी सव्वादहा टक्के मूळ उताऱ्याला टनाला 3,550 रुपये. उतारा तेवढाच धरू आणि तोडणी-वाहतूक टनाला 850 धरू. हातात टनाला 2,700, म्हणजे एकूण 1,62,000 रुपये. त्याच सरीत खोडवा राखला. बुडखे छाटणे, पाचट कुजवणे, खताचा पहिला हप्ता यांत 31 मार्च 2026 पर्यंत 18,000 गेले.

आता नुसत्या रोखीच्या वहीवर दोन वर्षे कशी दिसतात? 2024-25 मध्ये 76,000 चा तोटा. 2025-26 मध्ये 1,62,000 मधून 9,000 आणि 18,000 वजा जाऊन 1,35,000 चा नफा. पहिले वर्ष वाचणारा म्हणेल, हा माणूस बुडाला. दुसरे वर्ष वाचणारा म्हणेल, याच्या हाती घबाड लागले. खरे काय? दोन्ही खोटे. पहिल्या वर्षी काही बुडालेले नाही, रानात ऊस वाढतो आहे. दुसऱ्या वर्षीचा नफा त्या वर्षाच्या खर्चातून आलेला नाही, आदल्या वर्षीच्या खर्चातून आलेला आहे. आणि नफ्यातून जे 18,000 वजा झाले, त्यांचा या तुटलेल्या उसाशी काही संबंधच नाही. ते पुढच्या वर्षी तुटणाऱ्या खोडव्याचे आहेत. एका वहीत दोन पिकांची सरमिसळ झाली आहे, आणि ती कुणाच्या लबाडीने नव्हे, केवळ कॅलेंडरने केली आहे.

याउलट उभ्या पिकाचे वेगळे खाते उघडले तर काय होते? 31 मार्च 2025 ला 76,000 रुपये ताळेबंदात उजव्या बाजूला, मालमत्तेत, उभ्या पिकावरील अपुरे काम म्हणून दिसतात. नफातोटा शून्य. पीककर्ज घेतले असेल तर ते डाव्या बाजूला दिसते आणि त्याच्या समोर हा आकडा उभा राहतो. अर्धे बांधून झालेले घर गवंड्याच्या वहीत तोटा म्हणून लिहीत नाहीत. आठ महिन्यांच्या उसाची गत त्याहून वेगळी नाही. डिसेंबरमध्ये ऊस तुटला की त्या पिकाचा खर्च या खात्यातून निघतो, मालसाठ्यात जातो, आणि विक्रीसमोर येऊन बसतो. तो खर्च नेमका किती, हे सांगायला मात्र आणखी तीन प्रश्न सोडवावे लागतात. या खात्यात काय घालायचे? खोडव्याचे काय करायचे? आणि नुकसान झाले तर?

पहिला मुद्दा, खात्यात काय घालायचे. नियम एका वाक्याचा आहे: त्या गटातल्या त्या पिकासाठी जे खरोखर खर्ची पडले, तेच. सांगायला सोपा, पाळताना चुका नेहमीच्याच. खताची पोती मार्चमध्ये गोदामात पडलेली असतील तर ती उभ्या पिकात धरायची नाहीत. ती साठ्यातली सामग्री आहे. रानात पडल्यावर ती पिकाची झाली. ट्रॅक्टरचा हप्ता या खात्यात टाकायचा नाही, तो कर्जफेडीचा आहे. मात्र ट्रॅक्टर या रानात जितके तास चालला त्या प्रमाणात डिझेल आणि घसारा इथे येतो. ठिबकचा संच घेतल्याची पूर्ण रक्कम एका लागणीवर लादायची नाही. तो पाच-सात वर्षे टिकतो, तेवढ्या वर्षांत वाटायचा. आडसालीत सुरुवातीला सोयाबीन किंवा भुईमूग आंतरपीक घेतले असेल तर त्याचे बियाणे, त्याची काढणी त्याच्याच नावावर, आणि मशागतीचाही योग्य वाटा त्याच्यावर. घरात गट एकच असला तरी लागणी तीन असतील तर खाती तीन. गावाकडे नेमके इथेच चुकते. सगळा ऊस एका खात्यात घातला की कोणत्या लागणीने पैसे दिले आणि कोणत्या लागणीने खाल्ले, हे कधीच कळत नाही.

व्याजाचे काय, असा प्रश्न नेहमी येतो. कर्जाच्या खर्चावरील आपले लेखामानक सांगते की जी वस्तू विक्रीयोग्य व्हायला बराच काळ लागतो तिच्यावर व्याजही चढवता येते, आणि बराच काळ म्हणजे साधारण बारा महिने. आडसाली ऊस या अटीत बसतो; बारा महिन्यांत तुटणारा सुरू ऊस काठावर आहे. माझे मत असे की पीककर्ज खरोखर त्याच लागणीसाठी उचललेले असेल तरच व्याज चढवावे, आणि ऊस तुटला त्या दिवसापासून थांबवावे. कारखान्याने बिल उशिरा दिले म्हणून जे व्याज वाढले, ते उसाच्या वाढीचा खर्च नव्हे. ते वसुलीचे दुखणे आहे आणि ते वेगळे दिसले पाहिजे. ऊस नियंत्रण आदेशाने चौदा दिवसांची मुदत आणि त्यानंतर व्याज ठरवून दिले आहे ते त्यासाठीच.

दुसरा मुद्दा खोडव्याचा. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लागणीचा ऊस तुटला, पण बुडखा रानातच राहिला. नांगरट पुन्हा नाही, बेणे पुन्हा नाही, सरी पुन्हा नाही. मग जे 35,000 उभारणीला गेले, ते एकट्या लागणीवर टाकायचे? तसे टाकले तर लागण महाग दिसते आणि खोडवा फुकटचा दिसतो. आपल्याकडे खोडव्याविषयी जी एक बेफिकिरी आहे, पाणी मिळाले तर मिळाले, खत पडले तर पडले, तिचे एक कारण हेच तर नसेल, की वहीत तो फुकटचा दिसतो? उभारणीचा खर्च दोन्ही पिकांत अपेक्षित उत्पादनाच्या प्रमाणात वाटावा. लागण 60 टन, खोडवा 40 टन अशी अपेक्षा धरली तर 21,000 लागणीवर आणि 14,000 खोडव्यावर. म्हणजे डिसेंबर 2025 मध्ये उभ्या पिकाच्या खात्यातून मालसाठ्यात काय जाते? उभारणीचे 21,000, पहिल्या वर्षाचे 41,000 आणि दुसऱ्या वर्षाचे 9,000. एकूण 71,000. टनाला 1,183 रुपये. खात्यात 14,000 शिल्लक राहतात आणि त्यात खोडव्याचे 18,000 मिळून 31 मार्च 2026 ला 32,000 दिसतात. नफा 1,62,000 वजा 71,000, म्हणजे 91,000. ताळा पाहायचा असेल तर पाहा: रोखीच्या वहीत दोन वर्षांचे मिळून 59,000 येतात; त्यात रानात गुंतलेले 32,000 मिळवले की बरोबर 91,000. पैसा कुठे गायब झालेला नाही, कुठे नव्याने जन्मलाही नाही. तो फक्त आपल्या जागी बसला आहे.

आणि समजा खोडवा राखलाच नाही? उसानंतर रान मोडले आणि गहू-हरभरा केला? तर ते उरलेले 14,000 त्याच दिवशी लागणीच्या माथी जातील. वहीत ठेवायचे नाहीत. रानात नसलेल्या बुडख्याची किंमत वहीत राहणे, ही अशा खात्यांतली सगळ्यात हट्टी चूक आहे. ती ओळखायची खूणही सांगतो. हंगाम संपला की ज्या गटांत ऊस तुटला त्यांची खाती वाचा. शिल्लक फक्त खोडव्याचा वाटा आणि खोडव्यावर झालेला खर्च एवढीच असायला हवी. त्याहून एक रुपयाही जास्त असेल तर तुटून गेलेला ऊस अजून वहीत उभा आहे, असे समजा.

हाच विचार फळबागेत आणखी स्पष्ट होतो. द्राक्षबागेत मांडव, डॉगरिजचे खुंट, कलम, वेल वळवणे हा सगळा पहिल्या दीड-दोन वर्षांचा खर्च एका पिकाचा नाही. बाग पंधरा वर्षे फळ देणार असेल तर तो पंधरा वर्षांचा आहे. फळ सुरू होईपर्यंत तो साचू द्यायचा, आणि त्यानंतर दरवर्षी घसाऱ्याने उतरवायचा. आपल्या लेखामानकांत 2016 पासून फळ देणाऱ्या अशा झाडांना यंत्रसामग्रीच्या रांगेत बसवले आहे, ते याच तर्काने. पण एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डिपिंग, विरळणी, फवारण्या, हा खर्च मात्र त्या हंगामाच्या घडांचा. वेल एका खात्यात, घड दुसऱ्या खात्यात. उसात वेल म्हणजे बुडखा आणि घड म्हणजे कांडी. फरक एवढाच की वेल पंधरा वर्षे टिकते आणि आपल्याकडचा बुडखा एक-दोन खोडव्यांपुरता.

आता तोडणीचा दिवस. कोयता पडला की पीक संपते आणि माल सुरू होतो. उसाच्या बाबतीत मालसाठा हा शब्द थोडा हास्यास्पद वाटेल, कारण तुटलेला ऊस कुणी साठवत नाही. तो तासातासाने वजनात घटतो, साखर उतरते, म्हणून टोळी तोडते आणि गाडी त्याच दिवशी वजनकाट्यावर जाते. साठ्याचे खाते सकाळी उघडते आणि पावती मिळाली की मिटते. मग ते उघडायचेच कशाला? दोन कारणांनी. एक, तोडणी महिनाभर रेंगाळली आणि निम्मा गट मार्चमध्ये, निम्मा एप्रिलमध्ये तुटला, तर किती टन गेले आणि किती उभे आहेत याला काट्याच्या पावत्यांशिवाय दुसरा साक्षीदार नाही. दोन, सगळा माल कारखान्यालाच जातो असे नाही. कुणी गुऱ्हाळ लावतो, कुणी नऊ-दहा महिन्यांचा ऊस बेण्याला विकतो, आणि द्राक्षवाला बेदाणा करतो. बेदाण्याकडे पाहा. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. द्राक्षे वेलीवर असताना किलोला 15 रुपये खर्च साचला असेल तर किलोभर बेदाण्यात 60 रुपये द्राक्षांचे. त्यावर सुकवण्याचे तेल, रॅकवरची मजुरी, धुणे, प्रतवारी मिळून 25 धरा. शीतगृहात गेला तो माल 85 रुपयांचा. तो वर्षअखेरीला शीतगृहात असेल तर 85 लिहायचे; पण सौद्यात भाव पडून सगळे खर्च जाता 80 च सुटणार असतील तर 80 लिहायचे. खर्च किंवा सुटणारी किंमत, जे कमी असेल ते. कापणीपर्यंत खर्च साचवायची मुभा आहे. कापणीनंतर बाजाराकडे डोळेझाक करायची मुभा नाही. आणि शीतगृहाचे भाडे मालाच्या किमतीत चढवत बसायचे नाही; ते त्या त्या वर्षाचा खर्च.

तिसरा मुद्दा नुकसानीचा. ज्याला अपुरे काम म्हणायचे ते पुरे होणार असेल तरच ते मालमत्ता. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठाने पुराचे पाणी उसात उभे राहिले. दोन्ही पूर आडसाली लागणीच्याच दिवसांत आले, हे ध्यानात घ्या. त्या दिवसांत रानात दोन वयांचा आडसाली ऊस असतो, एक नुकता लावलेला आणि एक वर्षभराचा. नवी लागण पाण्याखाली कुजली तर तिचे खाते त्याच दिवशी नुकसानीत काढायचे. शेजारच्या वाचलेल्या एकरावर तो खर्च चढवून, राहिलेला ऊस महाग पडला, असे म्हणायचे नाही. मोठा ऊस बुडाला तर प्रश्न नाजूक होतो. शेंड्यात पाणी शिरले तर पोंगा कुजतो, बाजूने पांगशा फुटतात, वजन घटते. पण ऊस उभाच दिसतो. हुमणीचेही तसेच. वरून पाने पिवळी पडतात तोवर खाली मुळे गेलेली असतात. लांबून हिरवे दिसणारे रान वहीला फसवते.

म्हणून वर्षअखेरीला ऊस मोजला पाहिजे. अंदाजाने नव्हे, मोजून. पाच फुटी सरीत एका एकरात साधारण 8,700 फूट सरी भरते. रानात चार-पाच ठिकाणी, बांधाच्या कडेला नव्हे, दहा-दहा फूट सरी निवडायची आणि तिथली गाळपयोग्य होतील अशी कांडी मोजायची. दहा फुटांत सरासरी 46 भरली तर एकरी 40,000 ऊस. तोडणीला एक ऊस दीड किलोचा धरला तर 60 टन. तेच दहा फुटांत 25 भरली तर 33 टनांच्या आत. आता 33 टनांचे 2,700 प्रमाणे किती होतात, त्यातून पुढचा खर्च किती जाणार, आणि उरते त्याहून उभ्या पिकाच्या खात्यातला आकडा मोठा आहे का, हे पाहायचे. मोठा असेल तर फरक याच वर्षी तोट्यात लिहायचा. आपल्या उदाहरणात 33 टनांचेही 89,000 येतात, पुढचे 9,000 वजा केले तरी खाते तगते. नफा पार आटतो, पण मालमत्ता खोटी ठरत नाही. वीस टनांवर आले असते तर मात्र फरक नक्की तोट्यात लिहावा लागला असता. आठ महिन्यांच्या उसात प्रत्येक कांडी टिकेल असे नाही, हा या मोजणीचा दोष आहे. पण कुंपणावरून पाहून बरा आहे म्हणण्यापेक्षा तो दोष परवडतो.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा, की शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, मग ही उठाठेव कुणासाठी? मी उलटे विचारतो. कर नाही म्हणून तर हिशेब खरा ठेवायला कुणाची भीती नाही! हिशेब करासाठी नसतो, वाटणीसाठी असतो. दोन भाऊ मार्चमध्ये वेगळे झाले तर उभ्या उसात कुणाचे किती? शेतकरी उत्पादक कंपनीतून एक सभासद बाहेर पडला तर त्याचा वाटा कोणत्या ताळेबंदावर ठरणार? ज्यात 76,000 तोटा लिहिला आहे त्या, की ज्यात 76,000 मालमत्ता लिहिली आहे त्या? वाटेकऱ्याने जूनमध्ये रान सोडले तर त्याला काय द्यायचे? अशा वेळी ज्याच्या हातात वही नाही तो आवाज चढवतो. गावातली निम्मी भांडणे उभ्या पिकाच्या आकड्यावरची असतात आणि आकडा कुणाकडेच नसतो.

दुसरा आक्षेप जड आहे आणि तो अभ्यासू लोकांकडून येतो. आंतरराष्ट्रीय लेखामानक 41 म्हणते की जिवंत पीक खर्चावर नव्हे, रास्त मूल्यावर दाखवा. आपल्याकडे इंड एएस लागू असलेल्या मोठ्या कंपन्यांना 2016 पासून ते बंधनकारक आहे. ऊस रोज वाढतो, ती वाढ हेच उत्पन्न, मग ते तोडणीपर्यंत दडवायचे का? या युक्तिवादात तथ्य आहे. पंधरा-वीस वर्षे वाढणाऱ्या सागाच्या बागेत खर्चाचा आकडा शेवटी शेवटी निरर्थक होतो, हे मान्य. ज्यांना ते मानक लागू आहे त्यांना पर्यायही नाही. पण आडसाली उसाला 31 मार्चला ते लावून पाहा. भाव कोणता धरायचा? तोडणीच्या हंगामाचा एफआरपी कधी कधी तोवर जाहीर झालेला नसतो, आणि झाला तरी तो उताऱ्याला बांधलेला असतो. टन किती धरायचे? पुढचा पावसाळा अजून यायचा आहे. आठ महिन्यांचा उभा ऊस विकत घेणारा बाजार कुठे आहे? चारा छावणीचा बाजार असतो, पण तो दुष्काळाचा असतो. म्हणजे भाव अंदाजाचा, टन अंदाजाचे, आणि त्या दोन अंदाजांच्या गुणाकारावर सभासदांना लाभांश वाटायचा? खर्चाच्या आकड्याला पावत्या असतात. त्या मानकातही, वाढ फारशी झाली नसेल तेव्हा खर्च रास्त मूल्याच्या जवळ असतो, अशी सवलत ठेवलेली आहेच. छोट्या कंपन्यांना लागू असलेल्या आपल्या मानकांत शेतीसाठी वेगळे मानक नाही, तिथे खर्चाची पद्धत विवेकाने वापरता येते. माझा आग्रह एवढाच, की अपेक्षित किंमत टिपेत लिहा, ताळेबंदात खर्च ठेवा.

तिसरा आक्षेप घरच्या राबणुकीचा. बायकोने भांगलले, मुलाने पाणी दिले, त्याचे पैसे कुणी दिले नाहीत. मग पीक खोटेच स्वस्त दिसते ना? दिसते. कृषी मूल्य आयोग म्हणूनच खर्चाचे वेगवेगळे आकडे काढतो. एकात घरच्या श्रमाची किंमत धरतो, दुसऱ्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याजही. भावाच्या मागणीसाठी ते आकडे हवेतच. पण ताळेबंदातल्या उभ्या पिकाच्या खात्यात न दिलेला पगार चढवला तर आपण स्वतःलाच देणे लागतो असा गोंधळ होतो, आणि नफा आधीच कमावल्यासारखा दिसतो. घरच्या श्रमाची नोंद ठेवा, दिवस लिहा, दर लिहा. पण वेगळ्या पानावर. तो आकडा भाव मागताना उपयोगी पडेल. हा आकडा वाटणी करताना.

श्रोतेहो, एवढ्या सगळ्यातून करायचे काय, ते मोजक्या शब्दांत सांगतो. प्रत्येक गटाला, प्रत्येक लागणीला एक पान. त्यावर पाच रकाने: उभारणी, मार्चपर्यंतचा खर्च, मार्चनंतरचा खर्च, तोडणीचे टन, आणि पुढे नेलेली शिल्लक. 31 मार्चला रानात जाऊन कांडी मोजायची आणि तारखेसह तिथेच लिहायची. तोडणीला काट्याच्या पावत्या त्याच पानाला टाचायच्या आणि बिलात एफआरपी आणि तोडणी-वाहतूक वेगळी दाखवायची. हातात आलेली एकच रक्कम लिहून दोन्ही झाकायची नाहीत. तुमच्या उत्पादक कंपनीच्या पुढच्या वार्षिक सभेत ताळेबंद हातात आला की नफा किती, हे नंतर विचारा. आधी विचारा, उभ्या पिकात किती अडकले आहेत, गटवार दाखवा, आणि त्यातला किती ऊस या वर्षी मोजला होता? उत्तर देता आले नाही, तर त्या ताळेबंदावरचा नफ्याचा आकडा खरा मानून लाभांशाला हात वर करू नका.